हिशोबपट्टीची रांग: आवक, जावक आणि शिल्लक यांच्या नोंदी

७ मार्च, शुक्रवार

निफाड, पिंपळगाव बसवंत, लासलगाव आणि येवला या पट्ट्यातील काही कांदा व्यापाऱ्यांच्या वजनकाट्यांचे संगणकीय काम आम्ही नाशिकमधून पाहतो. लिलाव झाल्यावर ट्रॅक्टर किंवा पिकअप व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, भरलेल्या गाडीचे वजन होते, माल उतरतो, रिकाम्या गाडीचे वजन होते आणि त्या क्षणी आमच्या सर्व्हरवर एक नोंद येते. त्या नोंदीवरून हिशोबपट्टीची पीडीएफ तयार करून शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवायची असते. हे काम नोंद येताच होत नाही. नोंद आधी `patti_queue` या तक्त्यात जाते आणि दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून चालणारी एक स्क्रिप्ट जुन्यातल्या जुन्या शंभर नोंदी उचलून त्यांचा निपटारा करते.

काल, म्हणजे ६ तारखेला, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पिंपळगावच्या एका पेढीवरून मुनीमजींचा फोन आला. "साहेब, पाच वाजता काटा झालेल्या गाडीची पट्टी आत्ता आली. शेतकरी दीड तास पेढीसमोर ट्रॅक्टर लावून बसलेत. पट्टी हातात आल्याशिवाय ते पैसे घेत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे." ही तक्रार दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा आली असल्यामुळे आजपासून या नोंदी ठेवत आहे. असेच ठरावीक वेळेला रांग उपसणारे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांना त्यांचा उपयोग व्हावा.

सकाळी पहिला हिशोब मांडला. काल एकूण ५,८२० पट्ट्या आल्या. काम सकाळी ९ ते संध्याकाळी ७ असे दहा तास चालते, म्हणून सरासरी आवक ताशी ५८२ झाली. क्षमता काढण्यासाठी रात्री साडेआठ वाजता एक पूर्ण खेप चालवून पाहिली. शंभर पट्ट्यांना ४ मिनिटे ४० सेकंद लागले, म्हणजे प्रत्येकी २.८ सेकंद. तासाला बारा खेपा, प्रत्येक खेपेत शंभर, म्हणून ताशी १,२००. आवकेच्या दुपटीहून अधिक क्षमता असताना शिल्लक साचण्याचे कारणच उरत नाही, असे मी लिहून ठेवले आणि दोष संदेश पाठवणाऱ्या गेटवेचा असावा असे गृहीत धरले. या एका परिच्छेदात माझ्या तीन चुका आहेत. त्या उमगायला पुढचे पाच दिवस गेले.

१० मार्च, सोमवार

शनिवारी सर्व्हर प्रोसेसरच्या दोन गाभ्यांवरून चार गाभ्यांवर नेला. आज दिवसभर शिल्लक एकदाही ७५ च्या वर गेली नाही आणि सर्वात जुनी नोंद पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त थांबली नाही. प्रश्न सुटला असे मी सहकाऱ्यांना कळवूनही टाकले.

त्यासोबत एक काम मात्र योग्य झाले. सरासरीवर न थांबता तासागणिक आवक मोजली.

```sql
SELECT date_trunc('hour', created_at) AS tas, count(*)
FROM patti_queue
WHERE created_at >= '2025-03-06'
  AND created_at <  '2025-03-07'
GROUP BY 1 ORDER BY 1;
```

सकाळी ११ ते १ आणि दुपारी ४ ते ५ या तीन तासांत ताशी ९०० पट्ट्या येतात, तर १ ते २ या वेळेत फक्त ३००. ताशी ५८२ ही आवक दिवसभरात प्रत्यक्षात कोणत्याच तासाला नसते. क्षमता ठरवताना ९०० हा आकडा धरायला हवा होता, ही पहिली चूक. तरीही १,२०० ची क्षमता ९०० पेक्षा जास्तच आहे, म्हणून मी निश्चिंत राहिलो.

११ मार्च, मंगळवार

दुपारी बारा वाजता शिल्लक ४५० च्या आसपास होती आणि वाढतच होती. चार गाभ्यांचा सर्व्हर तसाच होता. वाढवलेला खर्च आणि शनिवारचा पूर्ण दिवस, दोन्ही या कारणासाठी वाया गेले, हे मान्य करून पहिल्यापासून शोध सुरू केला.

क्रॉनमधील ओळ अशी होती.

```
*/5 * * * * flock -n /tmp/patti.lock /opt/patti/drain.sh --limit 100
```

सिस्लॉगमध्ये दर पाच मिनिटांनी या आज्ञेची नोंद दिसत होती, म्हणून खेपा वेळेवर सुटत आहेत असे आम्ही कित्येक महिने समजत होतो. आज `drain.sh` ची स्वतःची नोंदवही उघडली, तर तिच्यात सुरुवातीच्या वेळा ११:०५, ११:१५, ११:२५, ११:३५ अशा होत्या. मधली प्रत्येक खेप गायब होती. क्रॉन आज्ञा सोडतो आणि तशी नोंदही करतो. पण आधीची खेप संपलेली नसेल तर `flock -n` कुलूप न मिळाल्यामुळे तिथल्या तिथे आणि एक शब्दही न बोलता परत फिरतो. दोन खेपांनी एकाच वेळी एकच पट्टी उचलू नये म्हणून ते कुलूप आम्हीच लावले होते आणि ते आपले काम चोख करत होते.

मग आधीची खेप पाच मिनिटांत का संपत नव्हती? प्रत्येक पट्टीचा वेळ पाहिला. पीडीएफ तयार होण्यास १.८ सेकंद लागतात आणि हा आकडा दिवस-रात्र सारखा असतो. पाठवण्यास रात्री १ सेकंद लागतो, तर दिवसा गर्दीच्या वेळी १.४. म्हणजे दिवसा एका पट्टीला ३.२ सेकंद आणि शंभर पट्ट्यांना ३२० सेकंद, अर्थात ५ मिनिटे २० सेकंद. पाचव्या मिनिटाची खेप कुलूप पाहून परत जाते, पहिली खेप वीस सेकंदांनी संपते आणि त्यानंतर दहाव्या मिनिटापर्यंत, म्हणजे ४ मिनिटे ४० सेकंद, कोणीही काम करत नाही. रांगेत चारशे पट्ट्या आणि रांग उपसणारा वर्कर निवांत, अशी ती अवस्था होती.

क्षमता रात्री मोजली ही दुसरी चूक. तिचा परिणाम साधा नव्हता. एका पट्टीचा वेळ २.८ वरून ३.२ वर गेला, म्हणजे सातवा हिस्सा वाढला. त्यामुळे जावक मात्र थेट निम्मी झाली, कारण क्रॉनच्या वेळापत्रकात पाच मिनिटे वीस सेकंद ही दहा मिनिटेच ठरतात. ताशी १,२०० ऐवजी प्रत्यक्ष क्षमता ताशी ६०० होती.

खेप परत फिरल्याचे कळावे म्हणून लगेच ही दुरुस्ती केली. ज्यांच्या क्रॉनमध्ये `flock -n` आहे त्यांनी ती आजच करून पाहावी.

```
*/5 * * * * flock -n -E 75 /tmp/patti.lock /opt/patti/drain.sh --limit 100 || logger -t patti "exit $?"
```

यामुळे कुलूप न मिळाल्यास सिस्लॉगमध्ये `exit 75` दिसते आणि स्क्रिप्टचा स्वतःचा बिघाड त्यापासून वेगळा ओळखता येतो.

१२ मार्च, बुधवार

एक गोष्ट मात्र पटत नव्हती. दिवसा पट्टीला ३.२ सेकंद रोजच लागतात, तर मग सोमवारी काहीच का झाले नाही? तेव्हाही आवक ९०० पर्यंत गेली होती.

याचे उत्तर कागदावर मांडल्यावर मिळाले आणि माझ्या मते या सगळ्या कामात हाच भाग सर्वात जास्त लक्षात ठेवण्यासारखा आहे. ताशी ९०० म्हणजे पाच मिनिटांत ७५ पट्ट्या. रांग रिकामी असताना खेप सुटली तर तिला शंभर नव्हे, ७५ पट्ट्याच मिळतात. ७५ गुणिले ३.२ म्हणजे २४० सेकंद. खेप चार मिनिटांत संपते, पुढची वेळेवर सुटते आणि तिलाही ७५ च मिळतात. असे दिवसभर चालू शकते. पण कोणत्याही कारणाने रांगेत एकदा ९३ पेक्षा जास्त पट्ट्या जमल्या की खेपेला ३०० सेकंदांहून अधिक लागतात, एक पाळी चुकते, तेवढ्या वेळात आणखी ७५ येतात, पुढची खेप शंभराची भरते आणि मग प्रत्येक दुसरी पाळी चुकत जाते. सुरुवातीचे कारण दूर झाले तरी ही अवस्था संपत नाही. शिल्लक पूर्ण आटेल इतका वेळ आवक ताशी ६०० च्या खाली राहिली तरच ती संपते.

६ तारखेला निमित्त काय झाले तेही सापडले. येवल्याकडील एका ठिकाणचे इंटरनेट तासभर बंद होते. काट्यावरील संगणक अशा वेळी पट्ट्या स्वतःजवळ साठवतो आणि जोडणी आली की सगळ्या एकदम पाठवतो. त्यामुळे ११ वाजता शिल्लक १६० झाली. त्यापुढचा दिवस आवक आणि ताशी ६०० ची जावक धरून मांडला.

| तास | आवक | जावक | तासाअखेर शिल्लक |
|---|---|---|---|
| ११ ते १२ | ९०० | ६०० | ४६० |
| १२ ते १ | ९०० | ६०० | ७६० |
| १ ते २ | ३०० | ६०० | ४६० |
| २ ते ३ | ४८० | ६०० | ३४० |
| ३ ते ४ | ८४० | ६०० | ५८० |
| ४ ते ५ | ९०० | ६०० | ८८० |
| ५ ते ६ | ४२० | ६०० | ७०० |
| ६ ते ७ | १२० | ६०० | २२० |

पाच वाजता आलेल्या पट्टीपुढे ८८० पट्ट्या होत्या. ताशी ६०० च्या वेगाने त्या संपण्यास ८८ मिनिटे लागतात आणि मुनीमजींनी सांगितलेला दीड तास नेमका हाच आहे. तक्त्यातील दुपारचे दोन तासही पाहण्यासारखे आहेत. जेवणाच्या सुट्टीत आवक घटली, शिल्लक ७६० वरून ३४० वर आली, परंतु संपली नाही, आणि दुसऱ्या सत्राची भर या उरलेल्या ३४० वर पडली.

तिसरी चूक हीच होती. दिवसाची बेरीज घेतली तर दहा तासांत ताशी ६०० प्रमाणे ६,००० पट्ट्या निघू शकतात आणि आल्या ५,८२०. बेरजेवरून सगळे ठीक दिसते. पण सकाळी नऊच्या तासात न वापरलेली क्षमता पाच वाजता उपयोगी पडत नाही. म्हणून शिल्लक तासागणिक पुढे नेतच मोजावी लागते.

सर्व्हर आज पुन्हा दोन गाभ्यांवर आणला. सोमवारी सर्व सुरळीत चालले ते त्या दिवशी कोणाचे इंटरनेट गेले नाही म्हणून. वाढीव गाभ्यांचा त्यात काही वाटा नव्हता.

१७ मार्च, सोमवार

धुळवडीच्या सुट्टीनंतर दुरुस्ती हाती घेतली. सर्वात सोपा उपाय खेप शंभरवरून ऐंशीवर आणण्याचा होता. ८० गुणिले ३.२ म्हणजे २५६ सेकंद, पाळी चुकत नाही, क्षमता ताशी ९६०. तो मी नाकारला, कारण पट्टीचा वेळ ३.७५ सेकंदांच्या पुढे गेला की ८० ची खेपही ३०० सेकंद ओलांडते आणि हाच कडेलोट पुन्हा होतो. आकडा बदलून कडा थोडी पुढे सरकते, नाहीशी होत नाही.

त्याऐवजी खेपेला संख्येची मर्यादा न ठेवता वेळेची ठेवली. स्क्रिप्ट एकेक पट्टी उचलते, निकाली काढते आणि सुरुवातीपासून २८० सेकंद झाले की नवी पट्टी न उचलता थांबते. पाठवण्यासाठी जास्तीत जास्त १० सेकंद वाट पाहायची असे ठरवले असल्यामुळे शेवटची पट्टी रखडली तरी खेप ३०० सेकंदांच्या आत संपते. आधी पाच-पाच पट्ट्या उचलण्याचा विचार होता. पण २७९ व्या सेकंदाला पाच उचलल्या आणि गेटवे मंद असला तर पाळी चुकू शकते हे लक्षात आल्यावर तो सोडून दिला.

आता २८० सेकंदांत ३.२ च्या हिशोबाने ८७ पट्ट्या होतात, म्हणजे ताशी १,०४४. पट्टीचा वेळ ४ सेकंद झाला तर ७० होतील, म्हणजे ताशी ८४०. वेळ वाढेल तशी क्षमता हळूहळू घटते, एकदम निम्मी होत नाही.

या टप्प्यावर हिशोबात एक गोंधळ केला, तोही नोंदवतो. ताशी ९०० आवक चालू असताना १६० ची एकदम भर पडली, तर ती उरकण्यास किती वेळ लागेल? जावक वजा आवक म्हणजे १४४, आणि १६० भागिले १४४ म्हणजे सुमारे ६७ मिनिटे. मी पेढीवर फोन करून "अशा वेळी पट्टीला तासभर लागू शकतो" असे सांगून बसलो. ते चुकीचे होते. ६७ मिनिटे ही रांग पूर्ववत होण्याची मुदत आहे. एखाद्या पट्टीला किती थांबावे लागेल हे तिच्या पुढे असलेल्या पट्ट्या आणि जावक यांवरच ठरते, कारण मागून येणारे तिच्या पुढे जात नाहीत. १६० भागिले १,०४४ म्हणजे सव्वानऊ मिनिटे, आणि खेप सुटण्याची वाट जास्तीत जास्त पाच मिनिटे. शेतकऱ्याला सांगायचा आकडा हा आहे. पहिला आकडा आपल्यासाठी आहे, कारण तेवढ्या वेळात दुसरी भर पडली तर ती आधीच्या शिल्लकेवर चढते.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमीमुळे कार्यालय बंद होते. परवा, १८ तारखेला, संध्याकाळी दुसरा वर्कर लावून पाहिला आणि त्यात घाई केली. प्रत्येक वर्करचे कुलूप वेगळे ठेवले, पण रांगेतून पट्टी उचलणारी आज्ञा जुनीच राहिली. दोघांनी एकच पट्टी उचलली आणि चूक लक्षात येईपर्यंत ४३ शेतकऱ्यांना एकच हिशोबपट्टी दोनदा गेली. काहींना दोन गाड्यांचे पैसे लागले असे वाटले आणि पेढीवर विचारणा झाली. सर्वांना खुलाशाचा संदेश पाठवला. चालू रांगेवर चाचणी करायची नव्हती.

उचलण्याची आज्ञा आता अशी आहे. `SKIP LOCKED` ही सोय पोस्टग्रेस ९.५ पासून आहे आणि तिच्यामुळे दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून पुढची घेतली जाते.

```sql
UPDATE patti_queue SET status = 'busy'
WHERE id = (SELECT id FROM patti_queue
            WHERE status = 'new' ORDER BY id
            LIMIT 1 FOR UPDATE SKIP LOCKED)
RETURNING id;
```

आजची चाचणी रांगेच्या प्रतीवर केली. पाठवण्याऐवजी १.४ सेकंद थांबायचे एवढेच बदलले. एका वर्करला ताशी १,०४४ म्हणून दोघांना २,०८८ आणि तिघांना ३,१३२ अशी अपेक्षा होती. दोघांनी १,७५२ दिल्या, तिघांनी १,८३६, आणि चौथ्याने काहीच भर घातली नाही.

वर्कर वाढवूनही जावक वाढत नसेल, तर सगळे कोणत्या तरी एकाच दारात अडकलेले असतात. ते दार ओळखण्याची खूण आकड्यातच असते. २८० सेकंदांत तिघांनी मिळून १५३ पट्ट्या केल्या, म्हणजे दर १.८३ सेकंदाला एक, आणि पीडीएफ तयार होण्याचा वेळ १.८ सेकंद आहे. म्हणजे पीडीएफ एका वेळी एकच तयार होत होती. कोड पाहिल्यावर कारण दिसले. पट्टीचा नमुना लिब्रेऑफिसमधून पीडीएफमध्ये बदलतो आणि एकाच प्रोफाइलवर दोनदा एकाच वेळी हाक मारली तर काही वेळा फाइल तयारच होत नाही. म्हणून फार पूर्वी कोणीतरी त्याभोवती कुलूप लावले होते. त्या काळी वर्कर एकच असल्यामुळे त्याचा त्रास कोणाला जाणवला नव्हता. उपाय प्रत्येक वर्करला वेगळे प्रोफाइल देण्याचा आहे.

```
soffice -env:UserInstallation=file:///tmp/lo_$W --headless --convert-to pdf patti.odt
```

कुलूप काढून तीन वर्कर पुन्हा चालवले. दोन गाभ्यांवर तिघे असल्यामुळे प्रत्येक पट्टीला ३.२ ऐवजी ३.६ सेकंद लागले, पण एकूण जावक ताशी २,७७२ झाली.

२५ मार्च, मंगळवार

मार्चअखेरच्या हिशोबासाठी लिलाव काही दिवस बंद राहतात आणि पुन्हा सुरू होतात त्या दिवशी आवक मोठी असते. आमच्याच नोंदींमध्ये मागच्या लांब सुट्टीनंतरचा पहिला दिवस नेहमीच्या १.७ पट होता. म्हणून ९०० गुणिले १.७, म्हणजे गर्दीच्या तासाला १,५३०, असा अंदाज मी बांधला.

मुनीमजींना तो सांगितला तर ते म्हणाले, "गाड्या दुपटीने येतील हो, पण काटे तेवढेच आहेत. रांग गेटवर लागेल, तुमच्याकडे नाही." त्यांचे म्हणणे पूर्ण बरोबर होते. आमच्याकडे येणारी आवक म्हणजे बाजारातल्या गाड्या नव्हेत, रिकाम्या गाडीचे वजन झाल्यावर निघणाऱ्या पट्ट्या आहेत. एका गाडीची दोन वजने आणि मधला उतारा धरून एक काटा गर्दीत तासाला ३२ पट्ट्यांपलीकडे जात नाही, हे जुन्या नोंदींतून दिसले. आमच्याकडे ३८ काटे आहेत, म्हणून कमाल आवक ताशी १,२१६. दिवसाची बेरीज १.७ पट, म्हणजे ९,८९४ होईल, पण ती उंच होण्याऐवजी लांब होईल: आठ तासांहून अधिक काळ हीच आवक राहील आणि दुपारची उसंत मिळणार नाही.

एका वर्करने भागेल का? तासाला १,२१६ वजा १,०४४, म्हणजे १७२ ची भर. आठ तासांत शिल्लक १,३७६ आणि शेवटच्या पट्टीला ७९ मिनिटे. भागणार नाही. पट्टी पंधरा मिनिटांत मिळाली पाहिजे, हे पेढ्यांशी ठरले आहे.

दोन की तीन, हा निर्णय मी रोजच्या आवकेवरून न घेता बिघाडावरून घेतला. भर गर्दीत सर्व्हर अर्धा तास बंद पडला तर ६०८ पट्ट्या साचतील. कुलूप तसेच ठेवून दोन वर्कर असतील तर दर तासाला ५३६ ची सुटका होते आणि रांग पूर्ववत होण्यास ६८ मिनिटे लागतात. स्वतंत्र प्रोफाइलचे तीन वर्कर असतील तर १,५५६ ची सुटका होते आणि २३ मिनिटे पुरतात. दोन ठिकाणांचे इंटरनेट एकदम आले आणि ३०० ची भर पडली, तर थांबण्याचा वेळ दोघांकडे सव्वादहा अधिक पाच मिनिटे, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या बाहेर, आणि तिघांकडे साडेसहा अधिक पाच. तीन वर्कर आज रात्री लावले.

२ एप्रिल, बुधवार

आमच्या ग्राहकांकडे लिलाव सुरू झाले. रात्री साडेआठ वाजता मोजलेले आकडे असे आहेत. एकूण ९,६४० पट्ट्या आल्या. सर्वात जड तासाला १,१९०. दुपारी १ ते २ या एरवी रिकाम्या तासालाही १,०२० पट्ट्या आल्या, म्हणजे उसंत खरोखरच मिळाली नाही. सर्वात मोठी शिल्लक २१२ झाली आणि तिचे कारण पुन्हा एका ठिकाणचे इंटरनेटच होते. सर्वात जास्त थांबलेली पट्टी नऊ मिनिटे थांबली. `exit 75` एकदाही आले नाही.

अंदाज एका ठिकाणी चुकला. आवक आठ तासांत दाटून येईल असे मी धरले होते. प्रत्यक्षात सकाळ सावकाश सुरू झाली आणि शेवटचे काटे आठ वाजेपर्यंत चालले, त्यामुळे दिवस अकरा तासांचा झाला. शिल्लकेवर याचा परिणाम झाला नाही, पण रात्री आठ वाजता घेतला जाणारा बॅकअप चालू पट्ट्यांवर आला. तो रात्री अकरावर नेला आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

इशारा कशावर लावायचा हे आज ठरवले. आधीचा इशारा शिल्लक ५०० झाली की वाजत असे, आणि ताशी ६०० च्या जावकेत ५०० म्हणजे पन्नास मिनिटे आधीच गेलेली असत. संख्येचा अर्थ जावकेवर अवलंबून असल्यामुळे आता सर्वात जुन्या नोंदीचे वय पाहतो. ते दहा मिनिटांपुढे गेले की फोन वाजतो.

```sql
SELECT now() - min(created_at)
FROM patti_queue WHERE status IN ('new', 'busy');
```

दुसरा इशारा एका पट्टीच्या वेळेवर आहे, कारण शिल्लक वाढू लागण्याच्या आधी हाच आकडा बदलतो. तीन वर्कर, प्रत्येकी २८० सेकंद आणि तासाला बारा खेपा मिळून १०,०८० सेकंद होतात. त्यांना १,२१६ ने भागले की ८.३ सेकंद येतात. पट्टीचा वेळ याच्या पुढे गेला तर कमाल आवकेत शिल्लक साचू लागणार. आज तो ३.६ आहे. इशारा ६ सेकंदांवर ठेवला, म्हणजे ताशी सुमारे १,६५० ची क्षमता शिल्लक असतानाच कळेल.

उन्हाळी कांद्यासोबत या महिन्यात आणखी सहा काटे जोडले जाणार आहेत. ४४ गुणिले ३२ म्हणजे ताशी १,४०८, आणि वेळेची मर्यादा ७.१६ सेकंदांवर येते. त्यामुळे चौथा वर्कर आत्ता लावलेला नाही. सहावा काटा सुरू होईल त्या दिवशी इशारा ६ वरून ५ सेकंदांवर आणायचा आहे.